लहान मुलांच्या हाती मोबाइल देण्यापूर्वी : ॲप पिनिंग व अतिथी वापरकर्ता



बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत अद्यापही अनेक घरांमध्ये चांगला मोबाइल एकच असतो. तो बहुधा घरातील वडीलधाऱ्यांच्या नावावर असतो आणि संध्याकाळी दोन-तीन तास तो नातवंडांच्या हाती जातो. मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, पाठ मोबाइलवर येऊ लागले आणि तेव्हापासून ही सवय घराघरांत रुजली. पुढे शाळा नियमित सुरू झाल्या, तरी सवय राहिली. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या भागांत मराठी माध्यमाच्या शाळेत जाणारी मुले आजही पाठ पाहण्यासाठी आजोबांचाच मोबाइल मागतात.

त्याच मोबाइलवर किसान सन्मानच्या हप्त्याचा संदेश येतो, गृहलक्ष्मी योजनेच्या 2,000 रुपयांचा संदेश येतो, आधारचा ओटीपी येतो आणि बँकेचे खाते यूपीआयने जोडलेलेही असते. म्हणजे घराची तिजोरी आणि मुलाची पाटी एकाच वस्तूत आहे. पाटी मुलाला द्यावी, तिजोरी देऊ नये, यासाठी अँड्रॉइड प्रणालीत दोन सोयी आहेत. एक ॲप पिनिंग व दुसरी अतिथी वापरकर्ता. दोन्ही सोयी 2014 साली आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून मोबाइलमध्ये आहेत, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. परंतु या दोहोंचे काम एक नव्हे, आणि एकीच्या जागी दुसरी वापरल्यास उपयोग होत नाही. म्हणून प्रथम तो भेद स्पष्ट करतो.

दोन सोयींतील भेद

ॲप पिनिंग म्हणजे मुलाला एका खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी लावणे. मोबाइल मालकाचाच राहतो, फक्त त्यातील एकच ॲप पडद्यावर खिळून राहते. मुलाने कितीही बोटे फिरवली तरी त्याला दुसऱ्या ॲपमध्ये, संदेशांत किंवा सेटिंग्जमध्ये जाता येत नाही. मात्र त्या एका खोलीत जे काही आहे ते सर्व मुलासमोर उघडे असते.

अतिथी वापरकर्ता म्हणजे त्याच मोबाइलमध्ये एक स्वतंत्र, रिकामे घर. तेथे मालकाचे फोटो नाहीत, व्हॉट्सॲप नाही, बँकेचे ॲप नाही, संदेश नाहीत. मालकाच्या मालमत्तेला तेथून वाट नाही. मात्र त्या रिकाम्या घराचा रस्त्याकडील दरवाजा सताड उघडा असतो. मोबाइलमध्ये मुळापासून असलेले क्रोम, यूट्यूब तेथे असतात व इंटरनेटही मालकाचेच चालते.

थोडक्यात, अतिथी वापरकर्ता मालकाचे रक्षण करतो, मुलाचे नाही. पिनिंग मुलाला एका जागी ठेवते आणि त्यायोगे मालकाचेही बऱ्याच अंशी रक्षण होते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पाठ पाहण्यासाठी मोबाइल द्यायचा असल्यास पिनिंग योग्य. पाहुण्याला, शेजाऱ्याला किंवा परीक्षेचा निकाल पाहू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला घटकाभर द्यायचा असल्यास अतिथी योग्य. अनेक सज्जन मुलाला अतिथीमध्ये नेऊन निश्चिंत होतात. तो निश्चिंतपणा अनाठायी आहे.

आधी कुलूप हवे

दोन्ही सोयींचा पाया मोबाइलचे स्वतःचे कुलूप हा आहे. आपल्याकडील पुष्कळ ज्येष्ठ मंडळी मोबाइलला कुलूप लावतच नाहीत, कारण अंक लक्षात राहत नाहीत. कुलूप नसेल तर पिनिंगची कडी मूल स्वतः काढू शकते आणि अतिथीमधून मालकाच्या घरात एका बोटाच्या स्पर्शाने परत येऊ शकते. तेव्हा प्रथम सेटिंग्जमध्ये Screen lock येथे जाऊन सहा अंकी पिन ठेवावा. बोटाने रेघ ओढून उघडण्याचा नमुना मुलांपुढे ठेवू नये. मुले तो एकदा पाहून पाठ करतात, आणि काचेवर उमटलेली तेलकट रेघही पुरेशी असते. बोटाच्या ठशाविषयीही एक गोष्ट ध्यानात असावी की दुपारी झोपलेल्या आजोबांचा अंगठा मोबाइलला लावून पाहणे नातवंडांना अवघड नसते.

हा पिन आणि यूपीआयचा पिन वेगवेगळे असले पाहिजेत. दोन्हीकडे एकच अंक ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. तसे असेल तर मोबाइल उघडण्याचा अंक कळलेल्या मुलाला पैसे पाठविण्याचा अंकही कळलेला असतो. यूपीआय लाइट सुरू केले असल्यास अधिक सावध राहावे, कारण त्यातून एका वेळी 1,000 रुपयांपर्यंतची रक्कम यूपीआय पिन न विचारताच जाते व त्यात 5,000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. ही मर्यादा डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने वाढविली आहे. ज्या मोबाइलवर मुले बसतात तेथे यूपीआय लाइटमध्ये शंभर-दोनशे रुपयांहून अधिक न ठेवणे बरे.

ॲप पिनिंग सुरू करणे

आपल्या भागातील एक अडचण येथेच सांगतो. दुकानदार मोबाइल देताना बहुधा कन्नड किंवा इंग्रजी भाषा लावून देतो, घरातील बोलणे मराठीत असते, आणि मार्गदर्शन करणाऱ्या चित्रफिती हिंदीत असतात. एकाच बटणाची तीन-चार नावे झाल्याने ज्येष्ठ मंडळी गोंधळतात. म्हणून ही मांडणी करण्यापुरती मोबाइलची भाषा इंग्रजी करून घ्यावी व काम झाल्यावर पूर्ववत करावी. येथे दिलेली नावे इंग्रजी पडद्यावर जशी दिसतात तशीच दिली आहेत. सेटिंग्जचे चिन्ह दातेरी चाकाचे असते, ते भाषेवर अवलंबून नाही.

सेटिंग्ज उघडून Security & privacy मध्ये जावे, तेथे तळाशी More security & privacy असे येते आणि त्यात App pinning सापडते. सॅमसंगच्या मोबाइलमध्ये ते Other security settings किंवा More security settings या सदरात Pin app या नावाने आहे. जुन्या मोबाइलमध्ये Screen pinning असे नाव दिसेल. प्रत्येक कंपनीने ते निरनिराळ्या कोपऱ्यात ठेवले असल्याने सर्वांत सोपा मार्ग असा की सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत pin एवढीच अक्षरे लिहावीत व येणारी यादी पाहावी.

तेथील मुख्य कळ सुरू केली की खाली दुसरी कळ दिसते. तिचे नाव Ask for PIN before unpinning असे किंवा त्याच अर्थाचे असते. ही दुसरी कळ सुरू करणे हाच या संपूर्ण खटाटोपाचा प्राण आहे. ती बंद राहिल्यास पिन केलेले ॲप केवळ बोटाच्या एका हालचालीने सुटते, आणि ती हालचाल कोणती हे मोबाइल स्वतःच पडद्यावर लिहून दाखवितो. वाचता येणारे मूल ते वाचते, वाचता न येणारे चाचपडून शोधते.

ही मांडणी एकदाच करावयाची आहे. त्यानंतर मुलाला मोबाइल देताना दर वेळी इतकेच करावे लागते. द्यावयाचे ॲप उघडावे. मग अलीकडे वापरलेल्या ॲपची पाने दाखविणारा पडदा आणावा. खाली तीन बटणे असतील तर चौकोनाच्या बटणाने तो येतो, बटणे नसतील तर खालून वर बोट सरकवून मध्येच क्षणभर थांबल्याने येतो. त्या पडद्यावर ॲपच्या पानाच्या डोक्यावर त्याचे लहान चिन्ह असते. त्या चिन्हावर बोट ठेवले की लहानशी यादी उघडते, तीत Pin किंवा Pin this app निवडावे. पडद्यावर App is pinned अशी सूचना येते, ती वाचून Got it म्हणावे. आता मोबाइल मुलाला देता येईल.

परत घेताना, तीन बटणांच्या मोबाइलमध्ये मागे जाण्याचे बटण व चौकोनाचे बटण एकाच वेळी दाबून धरावे. बटणे नसलेल्या मोबाइलमध्ये खालून वर बोट सरकवून धरून ठेवावे. कुलपाचा पडदा येईल, त्यावर पिन द्यावा.

नेमके हेच पहिल्या दिवशी मूल जवळ नसताना करून पाहावे. सोडविल्यावर कुलपाचा पडदा आला तर मांडणी बरोबर आहे. थेट मुख्य पडदा आला तर दुसरी कळ बंद राहिली आहे.

कुलपाच्या चिन्हाचा घोटाळा

शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो अशा अनेक मोबाइलमध्ये अलीकडील ॲपच्या त्याच पडद्यावर एक लहान कुलूप दिसते किंवा यादीत Lock असा शब्द असतो. पुष्कळ लोक तेच पिनिंग समजतात. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की सर्व ॲप एकदम बंद केले तरी हे ॲप बंद होऊ नये. सॅमसंगमध्ये त्यालाच Keep open म्हणतात. त्याने मूल कोठेही अडत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. खरे पिनिंग झाले असेल तर वरून खाली बोट ओढल्यावर सूचनांचा पडदा उतरत नाही आणि मुख्य पडद्यावर जाण्याचा प्रयत्न केल्यास जाता येत नाही. पडदा उतरला तर पिनिंग झालेलेच नाही.

एका घराचे उदाहरण

समजा, भालकी तालुक्यातील एक घर आहे. मुलगा व सून कामासाठी हैदराबादला, नात चौथीत मराठी माध्यमात, मोबाइल आजोबांचा. नातीला पुस्तकातील पाठ दीक्षा या ॲपवर पाहायचा आहे. दीक्षा हे केंद्र शासनाचे 2017 साली सुरू झालेले शैक्षणिक व्यासपीठ आहे, व ज्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर चिन्ह छापलेले असते ते या ॲपने टिपल्यास त्या पाठाचे साहित्य उघडते.

सीमेवरील घरात पहिली चूक येथेच होते. दीक्षा सुरुवातीस मंडळ, माध्यम व इयत्ता विचारते. मराठी म्हटले की लोक महाराष्ट्र मंडळ निवडतात आणि मग बालभारतीची पुस्तके पुढे येतात. कर्नाटकातील मराठी शाळेत कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची पुस्तके असतात. पाठांची नावे जुळत नाहीत, मूल गोंधळते, दीक्षातून बाहेर पडून यूट्यूबवर शोधू लागते. तेव्हा शाळेचे पुस्तक हातात घेऊन त्यावरील मंडळाचे नाव पाहून निवड करावी. उन्हाळ्यात उदगीर किंवा निलंग्याच्या आजोळी राहून तेथील मावसभावाच्या पुस्तकातून अभ्यास करणाऱ्यांनी मात्र महाराष्ट्र मंडळच ठेवावे.

पिन करण्यापूर्वी आजोबांनी नातीला जवळ बसवून आजचे एक-दोन पाठ दीक्षामध्येच उतरवून घ्यावेत. त्या ॲपमध्ये साहित्य उतरवून ठेवून इंटरनेटविना पाहण्याची सोय आहे. पाठ उतरले की वरून पडदा ओढून विमान चिन्ह असलेली कळ सुरू करावी, त्याने इंटरनेट व दूरध्वनी दोन्ही थांबतात. त्यानंतर दीक्षा पिन करून मोबाइल द्यावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकदा पिन केल्यावर वरचा पडदा उतरत नाही व विमान कळ हाती लागत नाही.

आता मोबाइल नातीच्या हाती आहे पण त्यात फक्त आजचे पाठ आहेत. बँकेचा संदेश मध्येच डोकावणार नाही, खेळाची जाहिरात येणार नाही, पाठातील एखाद्या दुव्याने बाहेर जाण्याचा प्रयत्न झाला तरी तो सफल होणार नाही. अर्धा-पाऊण तास दूरध्वनी बंद ठेवणे ज्यांना शक्य नाही, उदाहरणार्थ घरात कोणी रुग्णालयात असल्यास, त्यांनी विमान कळ न लावता केवळ पिन करावे. मात्र पिन केलेल्या स्थितीत आलेला दूरध्वनी कसा दिसतो हे मोबाइलागणिक भिन्न असते. काहींत घंटा वाजते पण उचलण्याचा पडदा समोर येत नाही. म्हणून घरातील दुसऱ्या मोबाइलवरून एकदा दूरध्वनी करून पाहून ठेवावे.

दहा मिनिटांनी नात धावत येईल की पडदा काळा झाला आणि अंक मागतो आहे. हे पिनिंगचे अपयश नव्हे. मोबाइल काही वेळ स्पर्शाविना राहिला की झोपतो व जागा होताना कुलूप विचारतो. कुलूप उघडल्यावर पुन्हा दीक्षाच समोर येते. परंतु आजोबांनी नातीसमोर दर वेळी सहा अंक दाबले तर तिसऱ्या दिवशी तिला ते पाठ झालेले असतात आणि पुढे ना पिनिंग उरते ना कुलूप. यावर उपाय म्हणजे Display मध्ये Screen timeout येथे दहा मिनिटांची मुदत लावणे, आणि अंक दाबताना मोबाइल स्वतःकडे वळवून घेणे. मुलाला अंक कळल्याचा संशय आला तर त्याच दिवशी बदलावा. रागावण्याने अंक विसरला जात नाही.

मोबाइल बंद करून पुन्हा सुरू केला तर पिनिंग संपते. हे मोठ्या मुलांना लवकर कळते. पण सुरू होताना मोबाइल कुलूप मागतोच, त्यामुळे पिन गुप्त असेल तर या युक्तीने काही साधत नाही.

पिन कोणते ॲप करावे, कोणते नाही

पिनिंगची कडी कितीही पक्की असली तरी खोलीत काय ठेवले आहे यावर सर्व अवलंबून आहे. व्हॉट्सॲप कधीही पिन करून देऊ नये. त्यात नातेवाईक, बँकेची कागदपत्रे, आधारची छायाचित्रे आणि पैसे पाठविण्याची सोय सर्व एकत्र असते. फोटोंचे ॲप दिल्यास सर्व फोटो उघडे होतात व तेथून ते पुसलेही जाऊ शकतात. यात्रेचे, लग्नाचे फोटो असेच गेल्याच्या तक्रारी वारंवार ऐकू येतात. यूट्यूब पिन केल्याने मूल यूट्यूबच्या बाहेर जाणार नाही, एवढेच. आतमध्ये आरतीनंतर काय सुरू होईल यावर पिनिंगचे नियंत्रण नाही. लहान मुलासाठी तेथे यूट्यूब किड्स हे वेगळे ॲप घालून तेच पिन करणे अधिक श्रेयस्कर.

खेळांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. पिन करताना मोबाइल स्वतःच इशारा देतो की पिन केलेले ॲप इतर ॲप उघडू शकते व वैयक्तिक माहिती दिसू शकते. खेळातील नाणी, हिरे विकत घेण्याची चौकट ही त्या खेळाच्याच पोटात उघडते, त्यामुळे पिनिंग तिला नेहमी अडवीत नाही. यासाठी प्ले स्टोअर उघडून आपल्या चित्रावर बोट ठेवावे, Settings मध्ये खरेदीपूर्वी ओळख पटविण्याचे जे सदर आहे तेथे प्रत्येक खरेदीस ओळख विचारावी असे ठरवून द्यावे. विमान कळ लावून चालणारा खेळ दिल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही.

बसमध्ये मूल रडू लागले की मोबाइल देण्याची वेळ येते. बीदर किंवा कलबुर्गीहून पंढरपूरकडे निघालेल्या बसमध्ये नेटवर्क क्षणात कर्नाटकाचे, क्षणात महाराष्ट्राचे होते आणि मधल्या पट्ट्यात जातेही. चित्रफीत अडकली की मूल पडदा बडवू लागते व काहीही दाबले जाते. प्रवासासाठी घरीच काही उतरवून ठेवावे व विमान कळ लावून पिन करून द्यावे.

अतिथी वापरकर्ता

सेटिंग्जमध्ये System या सदरात Users किंवा Multiple users असे सापडते. ती कळ सुरू केल्यावर खाली Guest दिसतो. त्यावर बोट ठेवले की काही क्षणांत मोबाइल जणू नवा कोरा होऊन समोर येतो. पुढे वरचा पडदा पूर्ण खाली ओढल्यास माणसाचे लहान चिन्ह दिसते, त्यावरूनही अतिथीमध्ये जाता-येता येते. मालकाकडे परत येताना मालकाचे कुलूप विचारले जाते.

अतिथीमध्ये जे उतरवले, पाहिले, लिहिले ते बाहेर पडताना पुसता येते. तेराव्या आवृत्तीपासून बाहेर पडताच आपोआप पुसण्याची कळही त्याच पानावर आहे. म्हणून त्यात मुलाचा शाळेचा प्रकल्प ठेवू नये. पुसल्यावर तो परत मिळत नाही.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. अतिथीमध्ये दीक्षा किंवा अन्य ॲप मिळत नाही म्हणून प्ले स्टोअर उघडले की ते गूगल खाते मागते, आणि घाईत आजोबांचेच खाते तेथे दिले जाते. त्याबरोबर आजोबांची पत्रे, संपर्क, गूगलवर साठविलेले फोटो या सर्वांना तेथे वाट मिळते. रिकाम्या घराची किल्लीच तिजोरीची किल्ली होते. दीक्षा पाहायचे असल्यास अतिथीमध्ये क्रोम उघडून diksha.gov.in हा पत्ता लिहावा, खाते लागत नाही.

ही सोय सर्व मोबाइलमध्ये नाही. सॅमसंगच्या टॅबलेटमध्ये ती आहे, मोबाइलमध्ये नाही. सॅमसंग मोबाइलमधील Secure Folder हे उलट काम करते, म्हणजे मालकाच्या निवडक वस्तू वेगळ्या कुलपात ठेवते, आणि ज्यांना बँकेची कागदपत्रे दडवायची आहेत त्यांना ते उपयोगी आहे. शाओमीच्या अनेक मोबाइलमध्ये Second space नावाने दुसरे घर करता येते, पण ते कायमचे घर असते, अतिथीसारखे पुसले जाणारे नव्हे. स्वस्तातील कमी मेमरीच्या मोबाइलमध्ये ही सोय बहुधा काढून टाकलेली असते. सेटिंग्जच्या शोधचौकटीत user लिहूनही काही आले नाही तर नाही असे समजावे व पिनिंगवर भागवावे. सोय असली तरी जुन्या मोबाइलमध्ये दोन घरे एकदम चालवताना तो मंदावतो.

आयफोन असलेल्यांसाठी

हैदराबाद, पुणे व परदेशातील सभासदांकडे आयफोन असतात. त्यात अतिथी वापरकर्ता नाही. पिनिंगचे काम करणारी सोय Guided Access या नावाने 2012 पासून आहे. Settings मध्ये Accessibility, त्यात Guided Access सुरू करावे व त्यासाठी वेगळा पासकोड ठरवावा. मग हवे ते ॲप उघडून बाजूचे बटण, व जुन्या आयफोनमध्ये खालचे गोल बटण, तीनदा दाबावे. येथे अँड्रॉइडहून सरस अशा दोन गोष्टी आहेत. पडद्यावरील एखादा भाग बोटाने घेरून तेवढाच निकामी करता येतो, आणि वेळेची मर्यादा घालता येते. सोडविताना पुन्हा तीनदा दाबून पासकोड द्यावा. तो पासकोड मोबाइलच्या मुख्य कुलपापेक्षा वेगळा ठेवता येत असल्याने मुलासमोर अंक दाबावा लागला तरी मुख्य कुलूप सुरक्षित राहते.

मोबाइल परत घेतल्यावर

पिन सोडविल्यावर विमान कळ बंद करण्यास विसरू नये. विसरल्यास रात्रभर कोणाचाच दूरध्वनी लागत नाही आणि हैदराबादहून मुलगा काळजीत पडतो. भाषा इंग्रजी केली असेल तर तीही पूर्ववत करून द्यावी. ज्यांना ही मांडणी स्वतः करता येत नाही त्यांनी घरातील किंवा ओळखीच्या जाणत्या व्यक्तीकडून करून घ्यावी, पण पिन स्वतः दाबावा, तो कोणास सांगू नये, आणि मांडणी करणाऱ्याने यूपीआयचा पिन विचारल्यास तो देऊ नये. या कामात त्याची कोठेही गरज पडत नाही.